आहे, असावे आणि असेल

जुन्या छायाचित्रावरून काही लिहावे असे पुष्कळांच्या मनात येते. घरातल्या भिंतीवर किंवा ट्रंकेच्या तळाशी एखादे पिवळे पडलेले चित्र असते. त्यातली माणसे आता नाहीत. आपण ते हाती घेतो, आणि दोन ओळींतच लेखणी अडते. कारण जे दिसते ते सांगून चटकन संपते, आणि जे दिसत नाही ते कोणत्या आधारावर सांगावे हे कळत नाही. मग कोणी नुसते वर्णन करून थांबतो, तर कोणी सरळ कादंबरी रचू लागतो. या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे. ती रत्नागिरीच्या मांडवीवर काढलेल्या एका छायाचित्राच्या आधाराने तुम्हाला दाखवावी असा विचार आहे.

हे चित्र काजळी नदीच्या काठच्या एका खेड्यातील घरात आहे. साडेसहा इंच लांब, पावणेपाच इंच रुंद. ज्याला हाफ-प्लेट म्हणत त्या मापाचे. मांडवीची काळी पुळण, मागे समुद्र, आणि दूरवर उभी असलेली मुंबईची आगबोट. त्या काळी आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही, आणि उतारू होडीतून तिच्यापर्यंत जात. चित्रात अशीच एक होडी माणसांनी भरलेली आहे. अलीकडे कोट आणि फेटा घातलेला एक तरुण उभा आहे. त्याच्या पायाशी पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि तीन करंड्या आहेत. एवढेच चित्र. पाठीवर पेन्सिलीने मोडीत लिहिले आहे, ‘मांडवी, वैशाख व. ४’. साल नाही.

पहिले काम लिहिण्याचे नव्हे, चित्र चौकटीतून बाहेर काढण्याचे. चौकटीच्या आत जो पुठ्ठा असतो तो चित्राच्या कडा झाकतो. मात्र चित्र काचेला चिकटले असेल तर ते ओढू नका. ओढले की वरचा थर काचेवरच राहतो आणि चेहरा जातो. चिकटले नसेल तरच पुठ्ठा हलक्या हाताने दूर करा. या चित्राचा पुठ्ठा काढला तेव्हा डावीकडे अंगठ्याएवढी पट्टी नव्याने दिसली, आणि त्या पट्टीत एक बाई उभी होती. कडेवर मूल, अनवाणी, जवळ गाठोडे नाही की पिशवी नाही. तिचा चेहरा पुसट आहे. चौकट करणाऱ्याने, किंवा ज्याने ती करवून घेतली त्याने, तिला झाकून टाकले होते. आतापर्यंत या चित्राचे नाव घरात ‘बाबा मुंबईला निघाले तेव्हाचा फोटो’ असे होते. आता त्यात दुसरे माणूस आले, आणि माझ्या मते लिहिण्याजोगा विषयही तिथेच आला.

आता भिंग घेऊन बसा आणि वही घ्या. वहीच्या पानाचे तीन भाग करा. पहिल्यावर ‘आहे’ लिहा, दुसऱ्यावर ‘असावे’, तिसऱ्यावर ‘असेल’. आपल्या मराठीने ही सोय आधीच करून ठेवली आहे. ‘बोट उभी आहे’ म्हणजे ती डोळ्यांना दिसते. ‘सकाळ असावी’ म्हणजे दिसत नाही, पण दिसणाऱ्या गोष्टींवरून तसे ठरते. ‘त्याला घराची आठवण येत असेल’ म्हणजे हा आपला तर्क. त्याला चित्रात पुरावा नाही. प्रत्येक वाक्य या तीनपैकी एका रकान्यात जाईल. ज्या वाक्याचा रकाना ठरत नाही, ते वाक्य अजून नीट सुचलेलेच नाही असे समजावे.

‘आहे’चा रकाना लवकर भरतो. खरी मजा ‘असावे’च्या रकान्यात आहे. चित्रात घड्याळ नाही, पण वेळ आहे. मांडवीवर समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर उजव्या हाताला रत्नदुर्गाचा डोंगर येतो आणि डाव्या हाताला भाट्याची बाजू. या चित्रात किल्ला उजवीकडेच आहे. तो डावीकडे दिसला असता तर काच उलटी ठेवून चित्र छापले गेले असे ठरले असते. असे उलटे छापलेले फोटो पुष्कळ सापडतात. उघड्या अंगाच्या माणसाचे जानवे उजव्या खांद्यावर दिसले, किंवा दुकानावरच्या पाटीची अक्षरे उलटी दिसली, की ओळखावे. आपले चित्र सुलटे आहे. तेव्हा छायाचित्रकाराची पाठ जमिनीकडे आणि तोंड समुद्राकडे आहे, आणि माणसांच्या सावल्या समुद्राच्या दिशेला पडल्या आहेत. सूर्य मागे, म्हणजे पूर्वेला. सकाळ असावी. सावलीची लांबी जवळजवळ माणसाच्या उंचीएवढीच भरते. म्हणजे सूर्य क्षितिज आणि माथा यांच्या बरोबर मध्यावर आला आहे. उन्हाळ्यात हे नऊच्या सुमारास घडते.

आता हेच दुसऱ्या वाटेने ताडून पाहू. किनाऱ्यावरच्या कोणाही जाणत्याला भरतीचा हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. भरती तीनला, म्हणून ओहोटी सहा तास आधी, नऊच्या सुमाराला. तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो, पण एवढे पुरे आहे. चित्रात ओल्या पुळणीचा रुंद पट्टा उघडा पडला आहे आणि होडीत चढणारे दोघे गुडघाभर पाण्यात आहेत. ओहोटी आहे. सावली नऊ सांगते, तिथीही नऊ सांगते. पाठीवरची तिथी मागाहून अंदाजाने लिहिलेली नाही, हे एवढ्यावरून बरेचसे पक्के होते. सावली आणि तिथी जुळल्या नसत्या, तर पाठीवरच्या मजकुरावर विसंबून पुढे एक अक्षरही लिहू नये.

राहिले साल. कडेवरच्या मुलाची जन्मपत्रिका त्या घरात आहे. तो शके १८४७ च्या अखेरचा. चित्रात तो वर्ष-सव्वा वर्षाचा ते दोन-सव्वादोन वर्षांचा दिसतो. म्हणजे वैशाख शके १८४९ चा, नाही तर १८५० चा. पंचांगाच्या हिशेबाने पहिला धरला तर १९२७ च्या मे महिन्याची वीस तारीख, आणि दुसरा धरला तर १९२८ च्या मेची आठ तारीख, एखाद्या दिवसाच्या फरकाने. बारा दिवसांचा फरक म्हणजे काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. तो का मोठा, ते पुढे येईल. मूल मात्र पाय ताणून खाली उतरू पाहते आहे. पायावर नुकते उभे राहणारे मूल असे करते. दोन वर्षांचे मूल कडेवर बसलेच नसते. मी १९२७ कडे झुकतो, आणि वहीत लिहितो: ‘१९२७ असावे’. ‘आहे’ लिहीत नाही.

इथेच जुनी चित्रे आपल्याला कुठे फसवतात तेही सांगितले पाहिजे. पहिले, आकाश. या चित्रात आकाश कोरे पांढरे आहे. म्हणून ‘निरभ्र आकाश होते’ असे लिहाल तर चुकाल. त्या काळच्या काचांना निळा प्रकाश फार लवकर लागे. जमिनीवरची माणसे नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरे होई, मग त्यात ढग असोत वा नसोत. दुसरे, रंग. तांबडा प्रकाश त्याच काचांना जवळजवळ लागतच नसे, म्हणून तांबडे वस्त्र काळे उमटे. तेव्हा काळी चंद्रकळा नेसलेली सुवासिनी आणि तांबडे आलवण नेसलेली विधवा, या दोघींची लुगडी अशा चित्रात सारखीच काळी दिसतील. नुसत्या वस्त्रावरून कोणाला विधवा ठरवू नका. कपाळ आणि मनगट पाहा. कुंकूही तांबडे, म्हणून तेही काळ्या ठिपक्यासारखे दिसते. आपल्या बाईच्या पुसट चेहऱ्यावर तो ठिपका लांबट होऊन उमटला आहे, आणि हातात बांगड्या आहेत. तिसरे, समुद्र. पाणी आरशासारखे दिसते ते समुद्र शांत होता म्हणून नव्हे. भिंगाचे झाकण थोडा वेळ उघडे राहिले आणि तेवढ्यात लाटा एकमेकींत मिसळून गेल्या.

चौथी फसगत माणसांच्या स्तब्धतेची. होडीतली सगळी माणसे गंभीर, निश्चल आहेत. ताटातुटीचे दुःख, असे लिहायला हात शिवशिवतो. पण त्यांना कोणीतरी ‘हलू नका’ म्हणून सांगितले आहे. चित्रात कधी न दिसणारे पहिले माणूस म्हणजे ते काढणारा, आणि चित्रातल्या निम्म्या गोष्टी त्याच्या हुकमाने घडलेल्या असतात. याचे एक भयंकर उदाहरण रत्नागिरीशी दुरून जोडलेले आहे. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, रत्नागिरीत नजरकैदेत राहिला. त्याचे राज्य बुडवणाऱ्या फौजेबरोबर विलोबी हूपर नावाचा एक लष्करी अधिकारी छायाचित्रे काढीत होता. १८८६ च्या आरंभी मंडाले येथे काही कैद्यांना गोळ्या घालण्याच्या वेळी, आपली काच तयार होईपर्यंत त्याने हुकूम लांबवला असा आरोप त्याच्यावर आला आणि चौकशी झाली. त्या मरणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचे ते जादा क्षण चित्रात दिसतात, पण ते कोणामुळे लांबले ते चित्र सांगत नाही. आपल्या मांडवीच्या चित्रात असे काही क्रूर नाही. पण होडी थांबली आहे, वल्ही वर धरली आहेत, आणि सारे एकाच दिशेला पाहत आहेत. बघणाऱ्याने विचारावे, ते कोणाकडे पाहत आहेत? आगबोटीकडे नव्हे, घराकडे नव्हे. कॅमेऱ्याकडे.

फक्त ती बाई पाहत नाही. हलल्यामुळे तिचा चेहरा पुसला गेला. का हलली असेल? तोंड फिरवून रडत असेल, असे प्रथम वाटते. इथे माणसाला विचारायला हवे. त्या घरात एक वृद्ध आजी आहेत. चित्रातली बाई त्यांची सासू. वृद्धांना विचारतानाही एक पथ्य आहे. ‘तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?’ असे विचारू नये. उत्तर मिळते, पण ते आपल्याला बरे वाटावे म्हणून दिलेले असते. वस्तूंविषयी विचारावे. ट्रंक कोणाची? करंड्यांत काय? मूल कोणी धरले होते? मी चित्र पुढे करून ‘आजी, यांच्या कडेवरचं पोर कोण?’ एवढेच विचारले. त्या म्हणाल्या, “ते थोरलं दीर आमचं. आन सासूबाय रडत नव्हती वो. मला सांगायची, पोर वळवळत व्हतं, तेला सावरताना मान हालली. फोटोवाला वराडला म्हणून मग हे पण रागावलं.” म्हणजे पट्टीखाली झाकली गेली ती का, याचाही धागा मिळाला. चित्र बिघडवणारी बाई! चौकटीबाहेर गेली.

करंड्यांत आंबे होते. ते चित्रातूनही कळते, कारण करंड्यांच्या तोंडातून गवत बाहेर आले आहे आणि वैशाख आहे. आंब्याच्या करंड्या घेऊन माणूस मुंबईला जातो, मुंबईहून येत नाही. म्हणून हे जाणे आहे, येणे नव्हे. त्याचे जाणे चित्राने दाखवले. तिचे मागे राहणे चित्राने दाखवले नाही, आणि तुम्हाला लिहायचे आहे ते तेच.

इथे ती बारा दिवसांची गोष्ट येते. मृग सात जूनला लागतो. वीस मेला नवरा गेला असेल, तर त्या बाईच्या हाती अठरा दिवस होते. आठ मेला गेला असेल तर तीस. या दिवसांत घर शाकारायचे, राब भाजून झाले नसतील तर भाजायचे, लाकडे आत घ्यायची, मीठ-मिरची आणि सुकी मासळी पावसाच्या बेगमीला भरायची, पेरणीचे भात काढून ठेवायचे. पावसाळ्यात आगबोटी बंद होत. श्रावणात नारळी पुनवेनंतर समुद्र निवळला म्हणजे त्या पुन्हा सुरू होत. तोवर मुंबई दूर गेली. टपाल जमिनीच्या वाटेने, उशिराने येई. अठरा दिवस आणि तीस दिवस यांत दुसऱ्याच्या घरी हात पसरावा लागणे आणि न लागणे एवढे अंतर आहे. म्हणून तारखेसाठी एवढी खटपट. ती विद्वत्तेच्या हौसेने केलेली नाही.

हा हिशेब एका घरापुरता नव्हता. मुंबईच्या गिरण्यांना मजूर पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचे नाव पिढ्यानपिढ्या आघाडीवर होते. गिरण्या गेल्या, आगबोटी गेल्या, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्णपणे धावू लागली, तरी २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. झाकलेल्या पट्टीतली बाई ही अशी हजारो घरांत उभी होती.

आता लिहायला बसा. मी लिहिले ते असे:

‘वैशाख वद्य चतुर्थीची सकाळ. ओहोटी लागली आहे. होडी थांबली आहे. कोटातला तरुण कॅमेऱ्याकडे पाहतो आहे. त्याच्यापासून दहा पावलांवर त्याची बायको उभी आहे, आणि तिचे मूल तिच्या हातातून सुटू पाहते आहे. तिचा नवरा जाणार हे ती महिनाभर जाणून असावी. घरचे कौल कुठे गळते हेही तिलाच ठाऊक असावे, कारण पावसात घरी ती असे, तो नसे. होडी सुटल्यावर ती फार वेळ उभी राहिली नसेल. ऊन चढत होते, मूल उपाशी असेल, आणि खाडीकाठची वाट लांब होती.’

हे वाचताना प्रत्येक वाक्यावर बोट ठेवा. पहिली पाच वाक्ये चित्रावर किंवा त्याच्या पाठीवर दाखवता येतात. पुढची दोन आपण ठरवली. त्यांना कारण आहे. शेवटची कल्पनेची आहेत, पण तीही हवेतली नाहीत. ऊन खरे, वाट खरी. ‘ती ढसाढसा रडली’ असे मी लिहिले नाही, कारण आजींच्या एका वाक्याने ते काढून घेतले. आणि तुम्हीच पाहा, ते गेल्याने काही बिघडले का?

सर्वांत मोठा मोह अजून सांगायचा आहे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या कोकण किनाऱ्यावरच्या दोन आगबोटी वादळात बुडाल्या. मे १९२७ चे चित्र हाती आहे, आगबोट समोर आहे, आणि सहाच महिन्यांनी ही दुर्घटना. लेखकाच्या मनात दोन्ही एकत्र यायला वेळ लागत नाही. तो तरुण घरी परत येत होता, आणि... असे वाक्य आपोआप तयार होते. ते वाक्य सुंदर असते, म्हणूनच ते धोक्याचे. मोठी घटना लहान चित्राला गिळते. आणि वाचणारा नातू ते खरे धरून पुढच्या पिढीला सांगतो; ‘असेल’चे ‘आहे’ होते.

याला उतारा घरातच सापडला. त्याच ट्रंकेत मनीऑर्डरीच्या पावत्यांचे, म्हणजे निरोप लिहायच्या कुपनांचे, एक पुडके होते. एका कुपनावर परळच्या पोस्टाचा शिक्का आहे, जानेवारी १९२८ चा. तरुण जिवंत होता, कामावर होता, आणि त्याने दहा रुपये पाठवले होते. कुपनावर तेवढ्या जागेत तीन गोष्टी लिहिल्या आहेत: पैसे पोचल्याचे कळव, म्हशीचे काय झाले, आणि यंदा पावसाआधी पडवीचे कौल बदलून घे.

पडवीचे कौल. म्हणजे गेल्या पावसात पडवी गळली होती. अठरा दिवसांत सगळे झाले नव्हते. बुडालेल्या आगबोटीपेक्षा हे लहान आहे, पण हे त्या बाईचे आहे. चित्राने तिला अर्धी दाखवली, चौकटीने तीही झाकली, आणि शेवटी तिचा तो पावसाळा कसा गेला याची खबर दुसऱ्याच्या हातच्या एका ओळीत मिळाली. माझ्या वहीत ‘पडवी गळत असेल’ असे तिसऱ्या रकान्यात होते. ते खोडून मी पहिल्या रकान्यात लिहिले: पडवी गळली.